बॅनरवर मानकुराद, आत ‘माल संपला’: दर हंगामात परत येणारा घोळ कसा सोडवायचा

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की आमच्याकडे ठरलेले फोन येतात. कुणी पुण्याहून करतं, कुणी ठाण्याहून, कधी तर मडगावहूनच. ‘‘तुमच्या साइटवर एवढा मोठा आंबा दिसतोय, पण दाबलं की माल संपला म्हणतंय. आंबा आहे की नाही ते सांगा.’’ कधी याच्या बरोबर उलटं होतं. पेट्या बांधून ओट्यावर तयार असतात आणि होमपेजवर अजून मार्चमधलं काजूगरांचंच चित्र असतं.

काकांची बागायत गोव्यात सत्तरीत आहे. आम्ही ऑनलाइन तीनच वस्तू विकतो: काजूगर, मानकुराद आंबा आणि सोलां, म्हणजे आमसुलं. साइट वर्डप्रेसवर आहे, दुकान वूकॉमर्सवर. ती मी सांभाळतो, पेट्या वहिनी बांधतात, आणि झाडावर काय आहे ते फक्त काकांना ठाऊक असतं. वस्तू तीनच, तरी मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत तिन्ही एकमेकींच्या अंगावर येतात आणि होमपेजवर जागा मिळते एकीलाच. हा घोळ सलग चार हंगाम झाला. दर वेळी तो मला नवा वाटायचा, कारण दर वेळी वरून वेगळा दिसायचा. आता त्याची मुळं वेगळी करता येतात, म्हणून हे लिहितोय.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा

फोन आला की बॅनर बदलायला धावू नका. काकांनी साइट उघडली तर त्यांना नवा बॅनर दिसतो आणि गिऱ्हाइकाला जुना. मग आम्ही घरात वाद घालत बसायचो की गिऱ्हाइकाचाच फोन जुना असेल. खरं कारण असं निघालं की पान साठवून ठेवणारी कॅशे प्लगइनं लॉग-इन केलेल्या माणसाला सहसा ताजं पान दाखवतात आणि बाकी सगळ्यांना साठवलेलं. काका कायम लॉग-इन असायचे, मीही असायचो. म्हणजे गिऱ्हाइकाला काय दिसतं ते पाहणारा घरात कुणीच नव्हता.

तपासणी तीन पायऱ्यांत होते. पहिल्यांदा फोनवर इन्कॉग्निटो विंडो उघडून साइट पाहा. तिथे नवा बॅनर दिसला आणि साध्या विंडोत जुना, तर तो त्या फोनच्या ब्राउझरने धरून ठेवलेला आहे. इन्कॉग्निटोतही जुनाच दिसला, तर पत्त्याच्या शेवटी `?x=1` लावून पुन्हा उघडा. आता नवा दिसला तर सर्व्हरवरच्या कॅशेमध्ये जुनं पान अडकलंय. तरीही जुनाच दिसला तर बॅनर खरोखर बदललेलाच नाही. कुणीतरी ‘Update’ दाबायचं राहून गेलंय किंवा वेळ लावून ठेवलेला बदल अजून झालेला नाही.

त्या वेळेबद्दलही सांगायला हवं. वर्डप्रेसमध्ये `Settings → General → Timezone` इथे काही निवडलं नसेल तर साइटचं घड्याळ `UTC+0` वर चालतं. रात्री बारासाठी लावलेला बदल आपल्याकडे पहाटे साडेपाचला होतो. बॅनरसाठी हे चालून जाईल, पण मी एकदा सकाळी पाचला बुकिंग उघडायचं ठरवलं होतं आणि ते साडेदहाला उघडलं. तोवर फोनवर वीस माणसं येऊन गेली होती. इथे `Kolkata` निवडलं की हा प्रश्न कायमचा मिटतो.

ब्राउझरने चित्र धरून ठेवलं असेल तर गिऱ्हाइकाला ‘कॅशे साफ करा’ सांगण्यात अर्थ नाही. चित्राच्या फाइलीचं नाव बदला. आम्ही दर वेळी `banner.webp` याच नावाने नवं चित्र चढवायचो. बऱ्याच सर्व्हरवर चित्रांना महिनाभराची मुदत दिलेली असते. ज्याने एक तारखेला साइट पाहिली त्याचा ब्राउझर तीस तारखेपर्यंत नवं चित्र मागतच नाही. आता नावात तारीख घालतो, `mankurad-0412.webp` असं. नाव नवं म्हणजे फाइल नवी, ती आणावीच लागते.

खरं मूळ: एक गोष्ट दोन ठिकाणी हाताने लिहिणं

कॅशे, घड्याळ, फाइलीचं नाव ही सगळी दुरुस्ती करूनही तिसऱ्या वर्षी फोन आलेच. तेव्हा कळलं की बॅनर आणि आंब्याचं पान ही दोन वेगवेगळी माणसं दोन वेगळ्या वेळी बदलत होती. पेट्या संपल्या की वहिनी फोनवरच वूकॉमर्समध्ये साठा शून्य करायच्या. बॅनर बदलायचा मी, रात्री घरी आल्यावर. मधले आठ-दहा तास होमपेज एक सांगायचं आणि आतलं पान दुसरं.

हंगामात लक्ष कमी पडतं असं म्हणताना आपण गिऱ्हाइकाचाच विचार करतो. माझा अनुभव असा की त्याहून कमी लक्ष विकणाऱ्याकडे असतं. काका झाडाखाली असतात आणि तिथे रेंज नसते. वहिनींचे हात गवतात आणि पुठ्ठ्यात गुंतलेले असतात. अशा वेळी दोन ठिकाणी बदल करावे लागले की एक हमखास राहतो. म्हणून स्थिती एकाच ठिकाणी बदलायची आणि बाकी सगळ्यांनी तिथूनच वाचायचं असं आम्ही ठरवलं. ती जागा म्हणजे वूकॉमर्समधला साठ्याचा आकडा, कारण वहिनींना तो बदलायची सवय आधीपासून होतीच.

बॅनरवरची ओळ आता हा छोटा शॉर्टकोड लिहितो. `412` हा आमच्या मानकुरादच्या पानाचा क्रमांक आहे, तिथे तुमचा घाला.

```php
add_shortcode('hangam', function () {
  $p = wc_get_product(412);
  if (!$p) return '';
  return $p->is_in_stock()
    ? 'मानकुराद: या आठवड्याचं बुकिंग सुरू'
    : 'मानकुराद: या आठवड्याच्या पेट्या संपल्या';
});
```

बॅनरच्या मजकुराच्या जागी `[hangam]` लिहिलं की झालं. वहिनींनी साठा शून्य केला, किंवा शेवटची पेटी विकली जाऊन तो आपोआप शून्य झाला, की बॅनरही तेच बोलतो. एक खाच मात्र आहे. साठा बदलला की कॅशे प्लगइन आंब्याचं पान ताजं करतं, होमपेज कदाचित करत नाही. तेव्हा होमपेज कॅशेतून वगळा किंवा त्याची मुदत दहा मिनिटांची ठेवा. हे केलं नाही तर वरचा कोड बरोबर असूनही जुनी ओळ दिसत राहील, आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसाल. मी दोन दिवस बसलो होतो.

चित्रात अक्षरं घालू नका

वरची युक्ती एकाच अटीवर चालते: बॅनरवरचा मजकूर खरा मजकूर असला पाहिजे, चित्रात रंगवलेला नव्हे. पणजीच्या एका डिझाइनरने आम्हाला पहिल्या वर्षी सुंदर बॅनर करून दिला होता. डावीकडे झुबकेदार अक्षरांत ‘मानकुराद आला’, उजवीकडे गवतातले आंबे. संगणकावर तो देखणा दिसायचा. आमचं गिऱ्हाईक मात्र जवळजवळ सगळं फोनवरून येतं.

हिशेब करून पाहा. चित्र 1600 पिक्सेल रुंद आणि 500 उंच होतं. फोनचा पडदा साधारण 390 रुंद. पूर्ण चित्र त्यात बसवलं तर उंची 122 राहते आणि 40 पिक्सेलचं अक्षर दहाचं होतं. आमच्या थीमने ते पूर्ण बसवलंही नाही. तिने 300 उंचीची चौकट भरली आणि कडा कापल्या. म्हणजे 1600 पैकी मधले 650 पिक्सेलच दिसत होते. डावीकडची अक्षरं गेली, उजवीकडचे आंबे अर्धे गेले, आणि मधला रिकामा तपकिरी भाग तेवढा उरला. आठवडाभर आमच्या होमपेजवर फोनवाल्यांना एक तपकिरी पट्टा दिसत होता.

आता फोनसाठी वेगळं, चौकोनी चित्र देतो आणि मजकूर त्याच्याखाली साध्या अक्षरांत असतो.

```html
<picture>
  <source media="(max-width: 600px)"
          srcset="mankurad-0412-m.webp" width="800" height="800">
  <img src="mankurad-0412.webp" width="1600" height="500"
       alt="गवतात पिकत ठेवलेले मानकुराद" fetchpriority="high">
</picture>
```

या चित्राला `loading="lazy"` लावू नका. ते पान उघडताच दिसायचं असतं, आणि तो शब्द ब्राउझरला थांबायला सांगतो. पडद्यावरची सर्वांत मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी असा गूगलचा मापदंड आहे. सत्तरीतल्या माझ्या फोनवर सव्वादोन एमबीचं चित्र त्यात कधीच बसलं नाही, दीडशे केबीचं सहज बसलं.

फोटो कुठला घ्यायचा यात आम्ही एकदा फार मोठी चूक केली. वेळ नव्हता म्हणून तयार फोटोंच्या साइटवरून लालसर गालांचा आंबा उचलला. मानकुराद तसा नसतोच. त्याचं नाव पोर्तुगीज ‘मालकोराद’वरून आलं असं सांगतात, म्हणजे रंगाने वाईट. पिकल्यावर तो पिवळा होतो, लाली धरत नाही, सालीवर ठिपके असतात. पेटी उघडून माणसं विचारायला लागली की हा दुसराच आंबा पाठवलात का. चार पेट्यांचे पैसे परत गेले. तेव्हापासून फोटो आमच्याच बागेतला, ठिपक्यांसकट. ठिपके दिसणारा फोटो लावल्यापासून ही तक्रार आलेली नाही.

जागा एक, पीक तीन

आम्हाला आधी वाटायचं की फिरता बॅनर लावला की भांडण मिटेल: पहिल्या चित्रात आंबा, दुसऱ्यात काजू, तिसऱ्यात सोलां. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या साइटवर एरिक रनियन यांनी 2013 मध्ये अशा फिरत्या बॅनरची मोजणी मांडली होती. साधारण शंभरात एकाच माणसाने त्यावर क्लिक केलं आणि त्यातलीही बहुतेक क्लिक पहिल्याच चित्रावर होती. आमची साइट विद्यापीठाची नाही, तरी आमच्याकडेही दुसऱ्या चित्रावर कुणी दाबताना दिसलं नाही. फिरता बॅनर काढून टाकला. एका वेळी एकच पीक.

कुठलं, यावर काका आणि मी बरेच भांडलो. त्यांचं म्हणणं, काजूत पैसा जास्त, तेव्हा काजू वर. मला ते पटत नाही. डबाबंद काजूगर महिनोन्‌महिने टिकतात, मे महिन्यात न विकले तर गणपतीला विकले जातील. सोलां नीट वाळवलेली असतील तर वर्षभर जातात. मानकुरादची पेटी आज निघाली नाही तर आठवड्यात ती घरीच खावी लागते. जे थांबत नाही त्याला बॅनर, हा आमचा नियम. पण त्याला एक अट जोडलेली आहे: पेट्यांचा आकडा काकांनी सांगितल्याशिवाय आंबा बॅनरवर चढत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात पहिले मानकुराद येतात, डझनाचा भाव हजारांत जातो, वर्तमानपत्रांत फोटो येतात, आणि आपणही बॅनर लावावा असा मोह होतो. तेव्हा आपल्या झाडावर फक्त बाठी न धरलेल्या कैऱ्या असतात. बॅनर लावला की सगळे तिथेच दाबतात आणि रिकाम्या पानावर पोचतात. एकदा असा रिकामा हेलपाटा झालेला माणूस एप्रिलमध्ये पुन्हा येत नाही.

म्हणून आमचा क्रम असा: मार्चमध्ये नवे काजूगर, आंब्याचा पहिला आकडा आला की मानकुराद, आणि मेच्या शेवटच्या दहा दिवसांत, पुरुमेंताची खरेदी जोरात असते तेव्हा, सोलां. पावसाआधी वर्षाचं सामान भरून ठेवायची गोव्याची जुनी रीत आहे. त्या दिवसांत सोलांना वेगळी जाहिरात लागत नाही, फक्त ती दिसली पाहिजेत.

आंब्याचं पान: पहिल्या पडद्यात काय हवं

बॅनरवरून आलेला माणूस पान खाली सरकवेल असं धरून चालू नका. आमच्या पानाची सुरुवात पूर्वी मानकुरादला 2023 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाने व्हायची, मग बागेची गोष्ट, मग सेंद्रिय खत. मला त्या मानांकनाचा अभिमान आहे, आणि तो मजकूर अजून पानावर आहे, पण खाली. वर, फोटोच्या लगेच खाली, आता चार ओळी असतात: पेटीत किती फळं, साधारण वजन किती, पेटी कुठल्या वारी निघणार, आणि फळ कुठल्या अवस्थेत पोचणार. चौथ्या ओळीने आमचे निम्मे फोन वाचवले. आम्ही आंबा तयार पण कडक असताना उतरवतो आणि तो घरी गवतात पिकवायचा असतो. हे न वाचलेला माणूस तिसऱ्या दिवशी ‘कच्चे पाठवलेत’ म्हणून फोन करतो. ओळ अशी आहे: ‘‘फळ कडक पोचेल. पाच-सहा दिवस गवतात किंवा कागदात ठेवा, देठाजवळ वास आला की खा.’’

या पानावर आणखी एक दोष दिसतो, त्याचं कारण वेगळं आहे. पानावर पेट्या शिल्लक दिसतात, पण पैसे भरताना पुरेसा साठा नाही असं येतं. वूकॉमर्स कुणी ऑर्डर करून पैसे भरायचे ठेवले की तेवढा साठा त्याच्यासाठी राखून ठेवतं. `Hold stock (minutes)` या जागी मुळात 60 असतात. यूपीआय अडकलं आणि माणूस निघून गेला तरी पेटी तासभर त्याच्याच नावावर. आमच्यासारख्या चोवीस पेट्यांच्या दुकानात सहा जणांचं यूपीआय अडकलं की पाव माल गायब. मी तिथे 20 ठेवलेत. पाच ठेवू नका. पैसे उशिरा पोचतात, तोवर ऑर्डर रद्द झालेली असते, आणि मग पैसे आले पण ऑर्डर नाही असा दुसरा गोंधळ सुरू होतो.

गेल्या हंगामातला एक आठवडा

रविवारी संध्याकाळी काका बागेतून आले आणि म्हणाले, ‘‘तीस पेट्या होतील.’’ मी साठ्यात चोवीस घातल्या. सहा राखून ठेवल्या, कारण उतरवताना पडलेली, देठाला चीक लागलेली, आतून बिघडलेली फळं बांधतानाच कळतात. सोमवारी सकाळी नऊला वहिनींनी व्हॉट्सअॅपवर जुन्या गिऱ्हाइकांना पानाची लिंक पाठवली. लिंकबरोबर जे छोटं चित्र दिसतं त्यात आम्ही भाव किंवा तारीख कधीच घालत नाही, कारण एकदा गेलेला निरोप तसाच राहतो आणि महिन्यानंतरही कुणीतरी तोच पुढे पाठवत असतं.

साडेअकराला साठा शून्य झाला. मी तेव्हा कामावर होतो, काका झाडावर. कुणी काही केलं नाही, तरी पावणेबाराच्या आत बॅनरने ‘या आठवड्याच्या पेट्या संपल्या’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्याखाली ‘पुढचं बुकिंग सोमवारी सकाळी नऊला’ ही ओळ आणि फोन नंबर सोडायची जागा होती. दुपारपर्यंत अकरा नंबर आले. ‘आहे की नाही’ विचारणारा फोन एकही नाही.

मंगळवारी रात्री अवकाळी पाऊस झाला आणि वाऱ्याने बरीच फळं पडली. बांधायला घेतल्या तेव्हा पेट्या सव्वीसच भरल्या. चोवीस गेल्या, दोन घरात राहिल्या. तीसच्या तीस विकायला ठेवल्या असत्या तर चार माणसांना पैसे परत करावे लागले असते.

हंगाम संपल्यावर

जूनमध्ये आंब्याचं पान काढून टाकायची घाई करू नका. आम्ही ते दोन वर्षं केलं, आणि पुढच्या वर्षी जुन्या लिंकवर येणाऱ्या प्रत्येकाला पान सापडत नाही असंच दिसलं. पानाच्या पत्त्यात वर्ष नको, `/mankurad/` पुरेसं आहे. वूकॉमर्समध्ये `Out of stock visibility` वर खूण केली की संपलेली वस्तू दुकानाच्या यादीतून जाते, पण थेट लिंकवर पान उघडतं. तेवढं करा. पानाच्या पहिल्या ओळीत ‘यंदाचा हंगाम संपला, पुढचा आंबा एप्रिलमध्ये’ लिहा आणि नंबर सोडायची जागा तशीच चालू ठेवा.

`[hangam]` मधली ‘या आठवड्याच्या पेट्या संपल्या’ ही ओळ मात्र तेव्हा हाताने बदलावी लागते, नाहीतर भर पावसातही ती तेच म्हणत राहते. मी ती सात जूनला बदलतो. मृग लागतो म्हणून तारीख लक्षात राहते.